मदत हवी आहे: 'लायका' म्हणून आलेला कॅमेरा ही लायकाची सोव्हिएत नक्कल दिसते, पण फेड की झोर्की?

फोटो जोडले आहेत. सोनेरी बॉडी, वर 'लायका' आणि जर्मन हवाईदलाचा गरुड कोरलेला. विकणारा 1930 च्या दशकातला लायका सांगतोय आणि भाव त्याच हिशेबाने लावतोय.

तिसरा फोटो आधी बघा. लेन्स फिरवून काढल्यावर माउंटच्या आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा दांडा दिसतो. अस्सल लायकात त्याच्या टोकाला छोटं गोल फिरतं चाक असतं. इथे पाचरीसारखा चपटा तुकडा आहे, म्हणजे माल सोव्हिएत आहे, याबद्दल मला शंका नाही. वरचं नाव, गरुड, नंबर हे सगळं नंतर कोरता येतं. दांडा सहसा कोणी बदलत नाही.

अडलंय पुढे. फेड-1 खारकोवचा, झोर्की 1948 पासून क्रास्नोगोर्स्कचा, आणि दिसायला जुळे. मूळ कोरीव काम घासून टाकल्यावर हे दोन कशावरून ओळखता? युद्धापूर्वीच्या फेडमध्ये लेन्स त्या-त्या बॉडीला जुळवलेली असायची, त्यामुळे दुसऱ्या बॉडीची लेन्स लावली की फोकस चुकतो. ही जोडी मूळचीच आहे का, हे फिल्म न घालता तपासता येईल का?

किंमतीचंही सांगा. माझ्या मते मूळ क्रोम आणि खरा नंबर गेला की संग्राहकाच्या लेखी तो फेडही उरत नाही, शोभेची वस्तू होते. शटरच्या पडद्याला टाचणीएवढी भोकंही आहेत. मग नुसत्या लेन्सपुरते पैसे द्यावेत का?