मॅरेथॉनपूर्वीचे तीन दिवस: तुम्ही काय आणि किती खाल्लेत?

धागाकर्ता: जानेवारीत मुंबईत पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे. वजन 60 किलो. शेवटच्या तीन दिवसांत कर्बोदके वाढवताना आपण नेमके काय खाल्ले, किती खाल्ले आणि पोटाने साथ दिली का, ते कृपया सविस्तर लिहावे.

पाचवी मॅरेथॉन: मी दर किलो वजनामागे 8 ग्रॅम धरते, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला 480 ग्रॅम. दिवसभरात 300 ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात (सुमारे 235 ग्रॅम कर्बोदके), 80 ग्रॅम पोह्यांचे 60, तीन केळ्यांचे 75, तीन उकडलेल्या बटाट्यांचे 55, दोन पेले सरबतातल्या साखरेचे 40 आणि चमचाभर मधाचे 15 ग्रॅम धरले की हिशेब जुळतो. एवढा भात दोन जेवणांत जात नाही, म्हणून तो चार वेळा विभागते आणि तूप, दाणे, खोबरे कमी करते. नाहीतर कर्बोदकांआधी तेलानेच पोट भरते. वजन किलो-दीड किलो वाढले तर घाबरू नका, कारण कर्बोदके शरीरात ज्या रूपात साठतात त्या ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठते.

जुना धावक: आधी तीन दिवस भात-पोळी बंद करून दमेपर्यंत धावावे आणि मगच भरपूर खावे, तरच साठा वाढतो, असे आम्हाला शिकवले होते.

पाचवी मॅरेथॉन: ती 1960 च्या दशकातली स्कँडिनेव्हियन पद्धत. साठा तिनेही वाढतो, पण चिडचिड आणि थकवा पदरी पडतो. धावणे कमी करून नुसते खाणे वाढवले तरी जवळपास तेवढाच साठा होतो, हे 1981 मध्येच दिसून आले.

नाशिककर: मी प्रमाण बरोबर पाळले, पण पदार्थ चुकले. मटकीची उसळ, कोबी आणि गव्हाच्या सहा-सहा पोळ्या, शिवाय संक्रांत त्याच आठवड्यात असल्याने गुळपोळीही! तिसाव्या किलोमीटरला शौचालय शोधण्यात बारा मिनिटे गेली. पुढच्या वेळी शेवटचे दोन दिवस मऊ भात, इडली आणि साल काढलेला बटाटा एवढ्यावरच राहिलो, रात्रीचे जेवण सातला उरकले आणि त्रास झाला नाही. कारण तंतुमय पदार्थ होते की उशिराचे जेवण, ते मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.

नवी सदस्या: एवढा भात खाऊन वजन कसे उतरेल? मी तर दहा किलोमीटरच धावते.

पाचवी मॅरेथॉन: हे वजन उतरवण्यासाठी नाही, आणि दहा किलोमीटरला याची गरजही नाही, नेहमीचे जेवण पुरते.

इन्सुलिन घेणारा: मला मधुमेह आहे. माझ्या डॉक्टरांनी 8 ग्रॅमला नकार देऊन 5 ग्रॅमवर थांबवले आणि इन्सुलिनची मात्रा त्यांनीच ठरवून दिली. मी शर्यत पूर्ण केली, पण शेवटचे आठ किलोमीटर चालतच. आणखी कोणी इन्सुलिन घेऊन धावले आहे का?

धागाकर्ता: येत्या रविवारच्या लांब धावेआधी एक दिवस हाच भात-बटाटा खाऊन पाहतो. दुधाची खीर चालेल का?

नाशिककर: एरवी दूध पचत असेल तरच, आणि तीही त्या सरावाच्या दिवशी आधी खाऊन पाहा.