रोज चालायला सोल कोणता: पीयू, फोम की रबर?

पहाटपाय: रोज 4 किमी चालतो, बराचसा डांबरी रस्ता, थोडी गुळगुळीत फरशी. पीयू, फोम, रबर यांतला कोणता सोल घ्यावा? पकड हवी, पाय दुखायला नको आणि बूट टिकायला हवा.

अनघा_प: पीयूच घ्या. फोम सुरुवातीला छान वाटतो, मग दबतो तो दबतोच. पीयू झिजतही नाही, वर्षानुवर्षं चालतो.

टाका_दोरा: दबण्याबद्दल अनघाताईंचं बरोबर आहे. पण पीयूचा खरा शत्रू रस्ता नाही, दमटपणा आहे. हवेतला ओलावा हळूहळू आत मुरतो आणि सोल आतूनच कमजोर होतो. बूट वापरला नाही म्हणून तो वाचत नाही. दुरुस्तीला येतात ते बरेचदा असेच: वरून कोरे करकरीत आणि टाचेला नख लावलं की भुगा. म्हणून जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला तरी पीयू घेऊ नका.

मंदार७: माझ्या बायकोचे ठेवणीतले बूट असेच गेले! समारंभात चालता चालता दोन्ही तळ गळून पडले. आम्हाला वाटलं गोंद खराब होता.

टाका_दोरा: गोंद सुटला तर सोल अख्खा निघतो. तुकडे पडले, हाताला चिकट लागलं, तर पीयूच गेला असं समजा.

धावपटू_नि: मग साधा फोमचाच घ्या ना, सगळ्यात हलका. मी त्यातच पळतो.

टाका_दोरा: प्रश्न चालण्याचा आहे, आणि नुसता फोम जमिनीला लागला तर ओल्या फरशीवर घसरतो, डांबरावर भराभर झिजतो. पूर्ण रबर पकडीला उत्तम, पण जड आणि कडक. मी सांगेन, मधे फोम आणि खाली रबर. फोमची गादी साधारण 500 ते 800 किमीपर्यंत ठीक राहते. रोज 4 किमी म्हणजे महिन्याला 120, तेव्हा पाच-सहा महिन्यांत तपासायला लागा. बाजूने फोमवर आडव्या सुरकुत्या दिसतात का पाहा. टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला कलली असेल तर खालचं रबर शाबूत असूनही बूट संपला.

अनघा_प: सहा महिन्यांत बूट बदलायचा? माझा पीयू दोन वर्षं झाली, पाय अजिबात दुखत नाहीत. रोज वापरात आहे, कोरडा ठेवते.

टाका_दोरा: पाय दुखत नसतील तर बदलू नका, आकडा फक्त तपासायची वेळ सांगतो. आणि रोज वापरायचा, कोरडा ठेवायचा असेल तर पीयूला माझा विरोध नाही.

पहाटपाय: फोमखाली रबर फक्त टाचेला आणि चवड्याला असतं ते चालेल, की पूर्ण तळाला हवं?

मंदार७: पूर्ण हवं. मधला उघडा फोम खड्यांनी टोचला जातो.

टाका_दोरा: डांबरावर तुकड्यांनी भागतं. मधला भाग जमिनीला फारसा टेकतच नाही.

मंदार७: माझा पाय सपाट आहे, माझा टेकतो.