खडे मीठ की पुड्याचं मीठ? आणि आयोडीनचं काय?

मनीषा, होटगी रोड: समुद्राचं खडे मीठ जास्त आरोग्यदायी असतं म्हणे, आणि समुद्रातलं म्हणजे आयोडीनही असणारच. मग पुड्याचं मीठ बंद करू का?

डॉ. कुलकर्णी: नका करू. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे 35 ग्रॅम, आयोडीन मात्र 50-60 मायक्रोग्रॅम. किलोभर मिठाला साधारण 29 लिटर पाणी आटवावं लागतं. त्यातलं सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं, तरी दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून फार तर 9 मायक्रोग्रॅम मिळेल. मोठ्या माणसाला 150 लागतं. प्रत्यक्षात ते 9 सुद्धा मिळत नाही, कारण बरंचसं आयोडीन मीठ काढल्यावर उरलेल्या पाण्यातच राहतं. आयोडीनयुक्त पुड्यात किलोला किमान 15 मिलिग्रॅम असेल, तर तेवढ्याच मिठातून 75 मायक्रोग्रॅम मिळतं. उरलेलं दूध, अंडी, मासे यांतून.

बसवराज: पण खड्यात सोडियम कमी असतं. चमचाभर खडे मीठ घातलं तर आमटी अळणीच लागते, घालून बघा.

डॉ. कुलकर्णी: अळणी लागते, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते आणि चमच्यात वजनानं मीठ कमी बसतं. काट्यावर सारख्या वजनाचं घ्या, सोडियम जवळपास सारखंच. अळणी लागली म्हणून वरून चिमूटभर टाकली की हिशेब पुन्हा तिथेच.

सुरेखा: माझी थायरॉइडची गोळी चालू आहे. मग मला खडे मीठच बरं ना?

डॉ. कुलकर्णी: थायरॉइड कमी काम करतं म्हणून गोळी असेल, तर नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ सोडायचं कारण नाही. किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराआधी काही दिवस पथ्य सांगतात, ते वेगळं. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

इरफान, किराणा: एक राहिलं. पुड्यातलं मीठही बहुतेक गुजरातचंच, तेही खाऱ्या पाण्याचंच, फक्त शुद्ध करून आयोडीन मिसळलेलं. आयोडीनयुक्त खडे मीठही मिळतं, पिशवीवर तसं छापलेलं बघून घ्या. बिनआयोडीनचं मीठ थेट खाण्यासाठी विकायला 2006 पासून बंदी आहे. आणि खडे धुऊ नका! आयोडीन वरून फवारलेलं असतं, धुतलं की निघून जातं. बरणी घट्ट झाकणाची, चुलीपासून लांब.

मनीषा: घरातल्या मिठात आहे की नाही, ते कसं कळणार?

डॉ. कुलकर्णी: आशाताईंकडे बहुधा तपासणीचं किट असतं. मिठावर थेंब टाकला की निळा-जांभळा रंग येतो, जितका गडद तितकं आयोडीन जास्त. अंदाजच तो, नेमका आकडा नाही.

बसवराज: काहीही म्हणा, लोणच्याला आम्ही बिनआयोडीनचंच वापरणार. आयोडीननं फोडी काळ्या पडतात.

इरफान, किराणा: इतक्या कमी आयोडीननं? मिठातली माती किंवा झाकणाचा गंज बघा आधी.

बसवराज: बरणी काचेची, झाकणही काचेचं. आता बोला.