मदत हवी आहे: दुकानाच्या वर्धापनदिनाचा पेपरातला मजकूर

शिलाईवाला: उद्या दुपारपर्यंत मजकूर द्यायचाय. बाबांचं टेलरिंगचं दुकान, यंदा पन्नास वर्षं. तिसरी पिढी कपडे शिवायला येते, त्यांचे आभार मानायचेत. मी लिहायला बसलो की "आपले प्रेम व विश्वास" एवढंच निघतं. चार ओळी द्या कोणीतरी.

पेठकर: जागा किती घेतलीय? आणि दुकान नक्की कधी सुरू झालं?

शिलाईवाला: दोन कॉलम, दहा सेंमी. १९७६चा दसरा. जाहिरात या दसऱ्याला, २०२५.

पेठकर: मग पन्नास पूर्ण कुठे झाली? ४९ झाली, ५०वं लागतंय. "सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण" लिही. जुनी गिऱ्हाइकं बरोबर मोजतात.

गुलमोहर: एवढं कोण मोजतं! पन्नास लिहून टाका. त्यापेक्षा शिलाईवर वीस टक्के सूट जाहीर करा, लोक वाचतील तरी.

शिलाईवाला: सूट नकोय. आभार आहेत.

डीटीपीवाली: एक कॉलम साधारण चार सेंमी, म्हणजे तुमची जागा आठ बाय दहा, ८० चौरस सेंमी. दर चौ. सेंमीवर लागतो, वर ५ टक्के जीएसटी. दुकानाचं नाव, पत्ता, फोटो बसवल्यावर चाळीसेक शब्द उरतात, जास्त कोंबलेत तर अक्षर बारीक होईल. आणि मजकूर व्हॉट्सॅपवरून पाठवलात तर प्रूफ मागाच. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना "दसऱ्या"चं "दसर्या" होतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं तसंच छापून आलं होतं.

नाना_६२: आमच्या वेळी बेलबॉटमला सव्वीस इंची मोहरी ठेवायचे. आता सांगलीत सफारी नीट शिवणारा कोणी आहे का?

पेठकर: नाना, वेगळा धागा काढा. शिलाईवाला, हे बघ: "१९७६च्या दसऱ्याला पहिलं माप घेतलं. ज्या वहीत आजोबांचं माप आहे, त्याच वहीत आज नातवाचं लिहितो. ऋणी आहोत."

शिलाईवाला: मस्त आहे, पण खोटं पडेल. जुन्या मापवह्या पुराच्या पाण्यात गेल्या.

पेठकर: कटिंग अजून बाबाच करतात का?

शिलाईवाला: हो. काज-बटण तेवढं बाहेर देतो.

डीटीपीवाली: मग वही काढा, हात ठेवा. "ज्या हातांनी आजोबांची पँट बेतली, तेच हात आज नातवाचं माप घेतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात पाऊल टाकताना तिन्ही पिढ्यांचे ऋणी." वीसेक शब्दांत झालं.

गुलमोहर: फोन नंबर मोठा टाका.

शिलाईवाला: बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "माझे हात कसले, मशीनवर तीस वर्षं बसलेल्या कारागिराचं नाव घाल." आता ते माझ्या फोटोच्या जागी बसवू की पत्ता बारीक करू?