टोज चौकटीतल्या खणांत जे लिहायचं, त्याला मराठीत काय म्हणावं?

जुळेसोलापूरकर
बी.कॉम.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं करतेय. स्वॉटचे बलस्थानं, उणिवा, संधी, धोके हे शब्द रुळलेत. टोजमध्ये त्यांच्या जोड्या लावून चार खण होतात आणि प्रत्येकात 'स्ट्रॅटेजी' लिहायची असते. मी 'व्यूहनीती' लिहिलं, सहकारी म्हणतात 'धोरण' लिहा. उदाहरण काल्पनिक आहे: सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून उडणारी, तीन एटीआर विमानांची कंपनी.

नवीपेठ
टोज म्हणजे स्वॉटच उलट्या क्रमानं. 'धोरण' पुरे. व्यूह म्हटलं की पोरं अभिमन्यूपाशी पोचतात.

धावपट्टी
उलटा क्रम खरा. हाइन्झ वाइरिख यांनी १९८२ साली ही चौकट मांडली, तेव्हा बाहेरच्या परिस्थितीला पुढं आणलं. पण तेवढंच नाही. स्वॉट यादीपाशी थांबतो, टोजमध्ये आतली एक आणि बाहेरची एक गोष्ट धरून कृती लिहावी लागते. म्हणून शब्दही कृतीचा हवा. 'धोरण' म्हटलं की मुलं 'दर्जेदार सेवा देणे' लिहून मोकळी होतात आणि ते चारही खणांत बसतं.

चाटीगल्ली
आमचं चादरीचं दुकान आहे. मुंबईचा व्यापारी विचारायचा, विमान आहे का? नाही म्हटलं की तो पुढची भेट टाळायचा. कारण काय, तर विमानाच्या वाटेत उभी असलेली साखर कारखान्याची उंच चिमणी. मग उणिवांत चिमणी लिहा की.

धावपट्टी
दादा, चिमणी शहराला नडली, पण ती कंपनीची उणीव नव्हे. कंपनीच्या हातात जे नाही ते बाहेरचं, म्हणून ती धोक्यात. शिवाय जून २०२३ मध्ये ती पाडली, तेव्हा त्या तारखेनंतरच्या चौकटीत तिला जागाच नाही. चौकटीवर तारीख घाला, हे मुलांना जरूर सांगा.

जुळेसोलापूरकर
तारखेचं पटलं. पण एखादी जोडी करून दाखवता का?

धावपट्टी
एटीआर म्हणजे सत्तरेक जागांचं पंख्याचं विमान. आखूड धावपट्टीवर उतरतं, जवळच्या पल्ल्याला इंधन कमी पितं. हे बळ. धोका वंदे भारतचा: फेब्रुवारी २०२३ पासून ती साडेसहा तासांच्या आसपास मुंबईला पोचवते. दोन्ही जोडले तर निघतं, की रेल्वेशी भाड्यात भिडू नये, जिथं तशी वेगवान थेट गाडी नाही तिथं विमान लावावं, उदाहरणार्थ गोवा. आता परीक्षा घ्या. वाक्यातून वंदे भारत पुसली तर गोवाच का, याचं उत्तर उरत नाही. एटीआर पुसलं तर एवढ्या थोड्या प्रवाशांवर तो मार्ग परवडेल का, ते सांगता येत नाही. दोन्हींपैकी एक पुसूनही वाक्य तसंच उभं राहिलं, तर जोडी लागलेलीच नाही.

उणीव-धोक्याचा खण सर्वांत अवघड, आणि मुलं तोच दोन ओळींत उरकतात. विमानं तीनच, म्हणजे एक बिघडून उभं राहिलं की दिवसभराच्या फेऱ्या कोलमडतात. बाहेर, छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेचं अनुदान तीन वर्षांनी थांबतं. दोन्ही एकदम आले तर? म्हणून आजच ठरवायचं: अनुदानाशिवाय खर्च भरून निघायला विमान किती भरायला हवं तो आकडा मार्गागणिक काढून ठेवायचा, त्याखाली राहणारा मार्ग मुदतीआधी सोडायचा, आणि मोकळे झालेले तास राखीव विमानासाठी ठेवायचे. इथं वाढ नाहीच, माघार आहे. तिला 'धोरण' म्हणायला जीभ वळत नाही.

तालीम_उत्तरकसबा
मग 'डाव' म्हणा. कुस्तीत समोरच्याची पकड बघून स्वतःच्या ताकदीचा डाव टाकतात, एकट्यानं डाव होतच नाही. सुटून निघण्याचेही डाव असतात.

नवीपेठ
विद्यापीठाच्या पेपरात 'डाव'? तपासणारा गुण कापेल. आणि 'धोका'सुद्धा बरोबर नाही, मूळ अर्थ फसवणूक. 'संकट' लिहा.

तालीम_उत्तरकसबा
रस्त्यावर 'धोक्याचे वळण' पाटी वाचून वळण आपल्याला फसवतंय असं कुणाला वाटतं का?

जुळेसोलापूरकर
'डाव' वर्गात नक्की वापरीन, छापायचं धाडस होत नाही. पण एका गोष्टीत अडकलेय. तीन वर्षांचं अनुदान आणि तेवढाच काळ मार्गावर दुसरी कंपनी नाही, ही तर संधी. तेच अनुदान तुम्ही धोक्यात घातलंत. एकच गोष्ट दोन्हीकडे चालते?

धावपट्टी
चालते, पण शब्द वेगळे करा. अनुदान मिळणं ही संधी, संपणं हा धोका.

नवीपेठ
संपण्याची तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असेल, तर तो धोका कसला? ती अट झाली. अटीला या चौकटीत कोणता खण?

चाटीगल्ली
ते असू द्या. गोव्याच्या विमानात चादरीचा गठ्ठा किती किलोपर्यंत घेतात, कुणाला माहीत आहे का?