प्रतिसाद: शेवग्याच्या शेंगांची आमटी

"साल पूर्ण सोलली, तरी शेंगा आमटीत फुटून नुसते दोरे तरंगतात."

साल पूर्ण सोलली म्हणूनच फुटतात. गर धरून ठेवायला ती लागते. सुरीची धार आडवी धरून वरचा हिरवा पापुद्रा हलकेच खरवडायचा, बस. मग बोटभर लांबीवर सुरी अर्धवट घालून तुकडा मोडायचा आणि खाली ओढायचा, म्हणजे शिरा आपोआप निघून येतात. डाळीबरोबर कुकरला लावू नका. बुडतील एवढ्या पाण्यात मीठ घालून आठ-दहा मिनिटं उकडा. तुकडा चिमटीत दाबल्यावर दबला पण फुटला नाही, की गॅस बंद. ते पाणी आमटीतच घाला, सगळी चव त्यात उतरलेली असते. चिंच किंवा आमसूल मात्र शेंगा शिजल्यावरच, आंबटात त्या लवकर मऊ होत नाहीत.

माझ्या मुली तुकडा अख्खा चावायच्या आणि चोथा लागला की ताट सारायच्या. आता अंगठ्याने शेंग उभी उकलतात, तीन फाका होतात. एकेक फाक खालच्या दातांवर धरून ओढली की गर आणि कोवळ्या बिया तोंडात, साल ताटाच्या कडेला. बी कडक लागली तर शेंग जून होती, ती टाकून द्यायची.