मदत हवी आहे: फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सर्वाधिक पैसे लागलेत तो घोडा, लावला तर तोटा खरंच कमी होतो का?

मंडळी, मी शहाद्याचा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे लहानपणापासून घोड्यांचा नाद. आता पुण्याच्या शर्यतींचे निकाल वहीत उतरवतो.

मोठा भाऊ म्हणतो, 20 ला 1 भावाचा घोडा लावावा, एकदा लागला की सगळं वसूल. मी हिशेब मांडला: दर वेळी 10 रुपये, जिंकलं तर लावलेले 10 धरून 210 हाती, असे 105 वेळा लावले तर नुसत्या बरोबरीसाठी 5 वेळा जिंकायला हवं. अशा मोठ्या दराच्या घोड्यांवर लोक आशेपोटी जास्त पैसे लावतात, त्यामुळे ते त्या दराच्या मानाने कमी जिंकतात, हे संशोधक ग्रिफिथ यांनी 1949 मध्ये अमेरिकी शर्यतींवरून दाखवलं. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि वाटपाआधी त्यातून कपात होते, त्यामुळे फेव्हरिटवरही तोटाच, पण कमी. हाँगकाँगमध्ये मात्र हा कल आढळला नाही.

पुण्याच्या टोटवर कुणी तपासलंय का? खात्रीसाठी किती शर्यतींची नोंद लागेल?